शहाळं, पेज आणि मीठ-साखरेचं पाणी : जुलाबात कुठपर्यंत पुरतं, कुठं अपुरं पडतं

(प्रभागसंघाच्या पावसाळी बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं, अंकासाठी लिहून काढलेलं)



पाऊस सुरू झाला. विहिरीला नवं पाणी आलं, कयाधू गढूळ झाली, आणि गावोगाव लेकरांना ढाळ लागायला सुरुवात झाली. गटाच्या बैठकीत मी ओआरएसच्या पाकिटाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आम्ही घरीच शहाळ्याचं पाणी देतो, भाताची पेज देतो, साखर-मिठाचं पाणी करतो. मग ते पाकीट कशाला?" प्रश्न रास्त आहे. या तिन्ही गोष्टी वाईट नाहीत, पण तिन्ही सारख्याही नाहीत. प्रत्येकीत काही आहे आणि काही नाही. काय नाही हे कळलं, तर कधी घरचं चालेल आणि कधी आशाताईकडं पळायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आज तेवढंच बोलू.

आधी एक समजून घेऊ. जुलाबात लेकरू दगावतं ते घाण बाहेर पडते म्हणून नाही. अंगातलं पाणी जातं, आणि पाण्याबरोबर मीठ जातं, म्हणून दगावतं. घाम जिभेला खारट लागतो, आसवं खारट लागतात, तसंच जुलाबाचं पाणीही खारट असतं. जे गेलं ते भरून काढायचं तर पाणी आणि मीठ दोन्ही परत द्यावं लागतं.

मग नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर? ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. आपल्या आतड्याला एक दार आहे असं समजा. त्या दारातून मीठ आणि साखर जोडीनं आत जातात आणि जाताना पाण्याला ओढून नेतात. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं असतं. साखर नसेल तर मीठ बाहेर अडतं, मीठ नसेल तर साखर पाण्याला पुरेसं ओढत नाही. आणि साखर फार झाली तर उलटं होतं. ती आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी बाहेर खेचते, म्हणजे जुलाब वाढतात. म्हणून या पाण्यात सगळं काही मापावर आहे.

या मापाची ताकद १९७१ साली दिसली. बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ लागली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, साधं मीठ आणि खायचा सोडा मापून पिंपात कालवला, आणि ते पाणी आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं. आया, बहिणी, नवरे कपानं पाजत बसले. छावणीतले मृत्यू दर शंभरात तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. पाजणारे हात घरच्यांचेच होते. पाणी मात्र मापून केलेलं होतं.

आपल्या महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायांना आरोग्याचं शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्या घरोघरी जाऊन आयांना मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवू लागल्या. म्हणजे हे काम आपल्यासारख्या बायांनी केलेलं आहे, आणि नीट केलेलं आहे.

आता एकेक पेय घेऊ.

शहाळ्याचं पाणी

शहाळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. जुलाबात तोही अंगातून जातो. तो कमी पडला की लेकरू मलूल होतं, हातापायात ताकद राहत नाही, पोट फुगतं. त्यामुळं शहाळ्याचा उपयोग आहे. पाकिटाच्या पाण्यापेक्षा शहाळ्यात पोटॅशियम दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं.

पण मीठ, म्हणजे सोडियम, त्यात फार थोडं. आणि जुलाबात सगळ्यात जास्त जातं ते हेच. दिवसभर लेकराला पंधरा-वीस जुलाब झाले आणि तुम्ही फक्त शहाळंच पाजत राहिलात, तर पाणी आत जातं पण मीठ भरून येत नाही. रक्तातलं मीठ पातळ होत जातं. लेकरू सुस्त पडतं, कधी झटकेही येतात. आईला वाटतं, एवढं शहाळं पाजलं तरी असं कसं झालं?

दुसरं, शहाळं कोवळं की जून, यावर त्यातली साखर आणि क्षार बदलतात. त्यामुळं ते मापाचं पेय होऊच शकत नाही. तिसरं, नारळ आपल्या हिंगोलीत पिकत नाही, बाहेरून येतो. हिंगोली-वसमतच्या बाजारात एका शहाळ्याला जे पैसे जातात त्यात पुरतं औषध होत नाही, आणि पाकीट तर आशाताईकडं फुकट मिळतं.

म्हणून शहाळं द्या, पण जोडीला. दोन-चार जुलाब झालेत, लेकरू खेळतंय, खातंय, तेव्हा एखादं शहाळं चालेल. त्याच्या सोबत मीठ असलेलं काहीतरी पोटात जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला शहाळं नको. त्याला आईचं दूध आणि गरज पडली तर ओआरएस. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्या माणसालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं देऊ नका. अशा माणसाच्या अंगात पोटॅशियम साचतं आणि त्याचा त्रास हृदयाला होतो.

भाताची पेज

पेज म्हणजे तांदूळ शिजवलेलं दाटसर पाणी. तांदळाचं धुवण नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण काही ठिकाणी "तांदळाचं पाणी" म्हटलं की बाया धुवणच समजतात. धुवण कच्चं असतं. त्यात ज्या पाण्यानं तांदूळ धुतला तेच जंतू लेकराच्या पोटात जातात.

पेजेचा गुण असा, की भातातलं पीठ आतड्यात हळूहळू फुटतं आणि त्याची साखर थोडी थोडी सुटते. एकदम गोड पाणी पोटात पडत नाही, म्हणून जुलाब वाढत नाहीत. पटकीच्या रोग्यांना भातापासून केलेलं ओआरएस दिलं तर त्यांचे जुलाब कमी होतात, हे दवाखान्यांमधून तपासलेलं आहे. म्हणजे आपल्या आज्या पेज द्यायच्या त्यात तथ्य होतं.

पण पेजेत स्वतःचं मीठ जवळजवळ नसतं. बिनमिठाची पेज म्हणजे दाराशी साखर आली, जोडीदार आलाच नाही. म्हणून एक लिटर पेजेत अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घाला. पेज पातळ असावी, वाटीतून पिता येईल अशी. आणि पेज लवकर आंबते. आपल्याकडच्या उकाड्यात सकाळची पेज दुपारपर्यंत संपवा, राहिली तर टाकून द्या. पोटॅशियम पेजेत थोडंच, ही तिची दुसरी उणीव. डाळीचं वरचं पाणी मीठ घालून किंवा मीठ घातलेलं ताजं ताकही असंच वापरता येतं.

मीठ-साखरेचं पाणी

हे तिघांत पाकिटाच्या सगळ्यात जवळचं, आणि चुकायलाही सगळ्यात सोपं. माप असं आहे :

एक लिटर स्वच्छ पाणी. त्यात साखर सहा सपाट छोटे चमचे. मीठ अर्धा सपाट छोटा चमचा.

यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. "छोटा चमचा" म्हणजे पाच मिलीचा, चहाचा. आपल्या घरात पोह्याचा चमचा, भाजीचा चमचा, साखरेच्या डब्यातला चमचा, सगळे वेगवेगळे असतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे मापाचं टोपण येतं त्यावर पाचची खूण असते. त्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि आपल्या चमच्यात ओता. ज्या चमच्यात ते काठोकाठ बसेल तो तुमचा मापाचा चमचा. त्याला दोरा बांधून वेगळा ठेवा.

"सपाट" म्हणजे शीग नको. चमचा भरून वरून सुरीच्या पाठीनं सारखा करा. शीग लावली तर माप दुपटीच्या जवळ जातं. मीठ बारीक घ्या. खडे मीठ असेल तर आधी कुटून घ्या, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते आणि माप चुकतं. पाण्यासाठी एक लिटरची बाटली वापरा. "एक तांब्या" हे माप नाही, तांबे लहान-मोठे असतात.

एकच ग्लास करायचा असेल तर दोनशे मिली पाण्यात एक सपाट छोटा चमचा साखर आणि तीन बोटांची एक चिमूट मीठ. पण बोटं प्रत्येकीची वेगळी, म्हणून लिटरचं मापच जास्त भरवशाचं.

आता परीक्षा. आधी मीठ घाला, ढवळा आणि चाखा. आसवांपेक्षा जास्त खारट लागलं तर ते पाणी फेकून द्या आणि पुन्हा करा. मग साखर घाला. साखर घातल्यावर चाखून उपयोग नाही, गोडी खारटपणा झाकते.

चुकलं तर काय होतं? मीठ जास्त झालं तर लेकराच्या रक्तातलं मीठ वाढतं. ते चिडचिडं होतं, फार तहान तहान करतं, झटके येतात. हे लहान लेकराच्या जिवावर बेतू शकतं. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ कमी पडलं तर पाणी पुरेसं आत जात नाही.

आणि माप बरोबर असलं तरी या पाण्यात दोन गोष्टी नसतात. एक पोटॅशियम. दुसरं सायट्रेट, जे जुलाबामुळं रक्तात वाढलेली आंबटी उतरवतं. एका लिटरच्या ओआरएस पाकिटात २०.५ ग्रॅम भुकटी असते : ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. ही चारही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात मापून मिळत नाहीत. पाकिटाचं मोल तेवढ्यासाठी आहे.

नियम एकच

घरचं पाणी लेकराला सुकू देत नाही. सुकलेल्या लेकराला भरून काढायचं काम त्याचं नाही. ते काम ओआरएसचं, आणि फारच सुकलं असेल तर शिरेतल्या सलाईनचं.

हे एका लेकरावर लावून बघू. समजा सेनगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर सव्वा वर्षाचं लेकरू आहे, वजन आठ किलो. सकाळपासून तीन पातळ जुलाब झाले. लेकरू हसतंय, अंगावर पितंय, लघवी होतेय. घरात पाकीट नाही. इथं घरचं पाणी चालतं. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा ग्लास मीठ-साखरेचं पाणी किंवा मिठाची पेज, चमच्या-चमच्यानं. दोन वर्षांच्या पुढच्या लेकराला अर्धा ते एक ग्लास. आईचं दूध चालू. नेहमीचं खाणं, म्हणजे मऊ भात, वरण, खिचडी, केळं, चालू. जुलाबात पोट उपाशी ठेवायचं नसतं. आणि याच वेळी कुणालातरी आशाताईकडं पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या आणायला पाठवायचं.

दुपारी तेच लेकरू कुरकुरायला लागलं. डोळे आत गेले. पाणी दिसलं की हपापून पितंय. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही, हळू जाते. टाळू खोल गेलेली दिसते. आता हे लेकरू सुकलं आहे. आपल्याकडं म्हणतात "टाळू पडली", आणि मग टाळू भरायची म्हणून तेल थापतात. टाळू खोल गेली ती आतलं पाणी कमी झालं म्हणून. वरून तेल घालून ती भरत नाही, आतून पाणी गेलं की आपोआप वर येते.

अशा लेकराला वजनाच्या दर किलोला ७५ मिली ओआरएस चार तासांत द्यायचं असतं. आठ किलोला ६०० मिली, म्हणजे दोनशे मिलीचे तीन ग्लास. ग्लास तोंडाला लावून पाजला तर उलटी होणार. म्हणून छोट्या चमच्यानं, दर दोन मिनिटांनी एक चमचा. हिशोब करा : एका तासात तीस चमचे म्हणजे दीडशे मिली. चार तासांत सहाशे. बरोबर बसतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश सुरू करा. हे काम उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, नर्सताईंच्या नजरेखाली व्हावं. चार तासांनी त्या पुन्हा तपासतील. तिथं जाईपर्यंत वाटेत पाकीट नसेल तर घरचं पाणी चमच्यानं चालू ठेवा. रिकाम्या हातानं जाऊ नका.

आणि पुढची पायरी. लेकरू गुंगीत आहे, हाक मारली तर डोळे उघडत नाही, पाणी पीत नाही, किंवा कातडीची चिमूट दोन सेकंदांहून जास्त तशीच उभी राहते. आता कुठलंच पाणी घरी पाजत बसायचं नाही. गुंगीतल्या लेकराच्या तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. १०८ ला फोन करा.

यात न थांबता दवाखान्यात न्यायच्या आणखी काही खुणा : जुलाबात रक्त, सहा तास लघवी नाही, प्रत्येक घोट उलटून पडतो, झटके, जोराचा ताप, किंवा लेकरू दोन महिन्यांच्या आतलं. मोठ्या माणसांचंही ध्यानात ठेवा. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाण्याचे जुलाब एकामागून एक होत असतील तर ती पटकी असू शकते. तिच्यात धडधाकट माणूस काही तासांत कोसळतो. तिथं शहाळं-पेजेवर वेळ घालवू नका, आणि गावात असे दोन-तीन रोगी दिसले तर आरोग्य केंद्राला लगेच कळवा.

पाकीट वापरताना

पाकिटावर किती पाणी ते लिहिलेलं असतं, ते वाचा. सरकारी पाकीट एक लिटरचं. दुकानात दोनशे मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. मोठं पाकीट एका ग्लासात कालवलं तर ते जास्त खारट होऊन घातक ठरतं. "थोडं थोडं करून घेऊ" म्हणून अर्धं पाकीट अंदाजानं टाकू नका. सगळं पाकीट सगळ्या पाण्यात. वरून साखर, मीठ, दूध काही घालायचं नाही. केलेलं पाणी झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं फेका. मीठ-साखरेच्या पाण्यालाही हाच नियम. पाणी उकळून गार केलेलं किंवा मेडिक्लोर टाकून अर्धा तास ठेवलेलं असावं. उकळलेलं नाही म्हणून पाजायचंच थांबवलं, असं मात्र करू नका. घरात असलेलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी घ्या.

दुकानातल्या रंगीत, गोड डब्यांपासूनही सावध राहा. काही पेयांवर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं असायचं आणि आत साखर जास्त, मीठ कमी असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर तो शब्द वापरायला बंदी घातली. थंड पेय, डब्यातला फळांचा रस, नुसती ग्लुकोजची भुकटी, ही जुलाबाची औषधं नाहीत.

झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची. सहा महिन्यांपुढच्या लेकराला २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला अर्धी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. त्यानं हा जुलाब लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा लागण्याचा धोका कमी होतो.

आता गटात करायचं काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरातला चमचा आणि पाण्याची बाटली आणायची. मापाच्या टोपणानं सगळ्यांचे चमचे तपासू, दोन-दोन जणींनी एक लिटर पाणी करायचं, आणि शेजारणीनं मीठ चाखून सांगायचं. आशाताईंनाही बोलावलं आहे. त्यांच्याकडून घरटी दोन पाकिटं घेऊन ठेवा, आणि काही गटाच्या पेटीत राहू द्या. पाकिटावरची तारीख बघून घ्या. भुकटी दगडासारखी घट्ट झाली असेल किंवा तपकिरी पडली असेल तर बदलून मागा.